अर्ध्या तिकिटाचा पूर्ण हिशेब

बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ आणि त्यांच्याच वयाची त्यांची पत्नी एसटीच्या गाडीत चढले, तर वाहक बाईंकडून अर्धे भाडे घेतो आणि गृहस्थांकडून पूर्ण. हेच दोघे रेल्वेत गेले तर भाडे दोघांनाही पूर्ण पडते, मात्र खालचा बर्थ देताना रेल्वे दोघांनाही ज्येष्ठ मानते. मुंबईच्या मेट्रोत गेले तर तिथे दोघेही अजून ज्येष्ठ झालेले नसतात. सवलतींविषयी आपल्याकडे जो गोंधळ आहे तो या विसंगतीतून येतो. ‘साठी उलटली की सवलत लागू’ किंवा ‘कॉलेजचे ओळखपत्र दाखवले की अर्धे तिकीट’ अशी एक ढोबळ समजूत मनात असते. प्रत्यक्षात प्रत्येक संस्थेची वयाची अट निराळी, तिकिटाचा प्रकार निराळा आणि मागितला जाणारा पुरावाही निराळा. म्हणून ‘मला किती टक्के सवलत मिळेल’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘या प्रवासाला, या तारखेला, सगळे धरून माझ्या खिशातून किती जाणार आणि त्या पैशात मला काय मिळणार’ हा प्रश्न विचारला तर निर्णय पुष्कळदा बदलतो. एसटी आणि रेल्वे या दोन रोजच्या साधनांवर आणि ओघाने विमान, मेट्रो व प्रवेश तिकिटांवरही तो कसा बदलतो ते पाहू.

एसटीपासून सुरुवात करू, कारण आज राज्यात ज्येष्ठांसाठी सर्वांत ठोस सवलत तिथेच आहे. ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ योजनेखाली राज्याच्या हद्दीत विनामूल्य प्रवास करता येतो. ६५ ते ७५ या वयात भाडे अर्धे लागते. मार्च २०२३पासून ‘महिला सन्मान’ योजनेत सर्व महिलांना अर्धे भाडे लागू झाले. या दोन योजना एकत्र वाचल्या की एक गोष्ट लक्षात येते, जी पुष्कळ घरांत अजून नीट पोहोचलेली नाही. बाईंच्या बाबतीत ६५ वर्षांच्या पुराव्याला एसटीत आता काही अर्थ उरलेला नाही, कारण अर्धे भाडे त्यांना वयाशिवायच मिळते आणि दोन अर्ध्यांची बेरीज करून प्रवास फुकट होत नाही. त्यांच्यासाठी महत्त्वाचा वाढदिवस पंचाहत्तरावा. पुरुषांसाठी मात्र ६५ आणि ७५ हे दोन्ही टप्पे महत्त्वाचे आहेत आणि साठी ते पासष्टी या मधल्या पाच वर्षांत एसटीकडून त्यांना वयामुळे काहीही मिळत नाही.

‘राज्याच्या हद्दीत’ हे शब्द सीमेवरच्या लोकांनी नीट लक्षात ठेवावेत. कोल्हापूरहून बेळगावला किंवा सावंतवाडीहून पणजीला जाणाऱ्या एसटीत पंचाहत्तरीच्या प्रवाशाला फुकट प्रवास मिळतो तो सीमेपर्यंतच. पुढच्या टप्प्याचे पैसे द्यावे लागतात आणि वाहकाने ते मागितले तर तो नियमानेच वागत असतो. तसेच आरक्षण केले तर आरक्षणाचा आकार पंचाहत्तरीच्या प्रवाशालाही भरावा लागतो. भाडे माफ आहे, जागा राखून ठेवण्याची सेवा माफ नाही. या कारणाने काहीजण आरक्षणच टाळतात. तासाभराच्या प्रवासात ते ठीक आहे, पण लांबच्या गाडीत, लग्नसराईत किंवा दिवाळीच्या आसपास ऐंशीच्या माणसाने थोडक्या रुपयांसाठी उभ्याने जाण्याची पाळी ओढवून घेऊ नये.

इथेच एक आक्षेप हमखास येतो. प्रवास फुकट आहे, मग तिकीट कशाला घ्यायचे? गर्दीत वाहकाला हाक मारायची, आधार काढून दाखवायचे, हा खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर हिशेबात आहे. सवलतीमुळे एसटीचे जे भाडे बुडते त्याची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देते आणि ती किती द्यायची हे सवलतीच्या तिकिटांच्या नोंदीवरून ठरते. शून्य रुपयांचे तिकीट निघाले नाही तर तो प्रवास कागदावर झालेलाच नसतो आणि महामंडळाचे नुकसान होते. शिवाय तपासणी पथक गाडीत चढले तर शून्य रुपयांचे तिकीट नसलेला प्रवासी त्यांच्या दृष्टीने विनातिकीटच असतो. म्हणून ते तिकीट मागून घ्यावे आणि उतरेपर्यंत जपून ठेवावे. ‘माझे पांढरे केस दिसत नाहीत का, कार्ड कशाला मागता’ असा राग अनेक ज्येष्ठांना येतो. तो समजण्यासारखा आहे. पण चुकीचे सवलतीचे तिकीट दिल्याचे निघाले तर जबाबदारी वाहकावर येते. आधार कार्डाच्या प्रतीवर जन्मवर्ष बदलून सवलत घेण्याचे प्रकार झालेले असल्याने कार्ड मागणे हा अपमान मानू नये.

पुराव्याविषयी दोन गोष्टी घरबसल्या करून ठेवण्यासारख्या आहेत. जुन्या आधार कार्डांवर अनेकांचे फक्त जन्मवर्ष छापलेले असते, तारीख नसते. वर्ष स्पष्टपणे पुढे गेलेले असेल तर अडचण येत नाही. पण पासष्टावे किंवा पंचाहत्तरावे वर्ष चालू असेल तर वय पूर्ण झाले की नाही हे त्या कार्डावरून कुणालाच सांगता येत नाही आणि वाद होतो. पूर्ण तारीख असलेले दुसरे ओळखपत्र असेल तर त्या वर्षात तेच जवळ ठेवावे, नाहीतर आधारवरची तारीख दुरुस्त करून घ्यावी. मात्र जन्मतारखेची दुरुस्ती साधारणपणे एकदाच करता येते, म्हणून हाती भक्कम दाखला असल्याशिवाय त्या फंदात पडू नये. दुसरे असे की स्मार्ट कार्ड लागते की आधार चालते, या बाबतीत महामंडळाच्या सूचना वेळोवेळी बदलत आल्या आहेत. लांबच्या प्रवासाआधी जवळच्या आगाराच्या चौकशी खिडकीवर एकदा विचारून घेणे हे शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबण्यापेक्षा चांगले.

आता रेल्वे. २० मार्च २०२० रोजी रेल्वेने ज्येष्ठांची सवलत थांबवली. तोवर साठीच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांच्या महिलांना ५० टक्के सूट होती. ती नंतर सुरू झालेली नाही. किमान शयनयान आणि वातानुकूलित तीनस्तरीय डब्यांत तरी ती परत द्यावी, अशी शिफारस संसदेच्या स्थायी समितीने केली होती. सरकारचे उत्तर असे की प्रत्येक प्रवाशाला भाड्यात सरासरी ४६ टक्के सूट मुळातच मिळते आणि २०२२-२३मध्ये त्यावर ५६,९९३ कोटी रुपये खर्च झाले. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. सगळ्यांना मिळणारी सूट ही ज्यांचे उत्पन्न थांबले आहे त्यांच्या गरजेला दिलेले उत्तर होऊ शकत नाही. तरीही त्या उत्तरात एक तथ्य आहे आणि प्रवाशाने ते वापरावे. रेल्वेचे मूळ भाडेच इतके कमी आहे की सवलतीशिवायची रेल्वे ही सवलतीच्या एसटीपेक्षा अनेकदा स्वस्त पडते.

हे आकड्यांत मांडू. पुण्यात वसतिगृहात राहून शिकणारा एकोणीस वर्षांचा मुलगा, त्याचे शहात्तर वर्षांचे आजोबा आणि अडुसष्ट वर्षांची आजी असे तिघे सुमारे ५०० किलोमीटरवरच्या आपल्या गावी निघाले आहेत असे धरा. २५ जानेवारी २०२५पासून लागू झालेल्या दराने साध्या एसटीचा सहा किलोमीटरचा एक टप्पा १० रुपये ५ पैशांना पडतो. ५०४ किलोमीटरचे ८४ टप्पे झाले, म्हणजे पूर्ण भाडे सुमारे ८४४ रुपये. आजोबांना शून्य, आजीला ४२२, नातवाला पूर्ण ८४४. रेल्वेत याच अंतराला शयनयानाचे मूळ भाडे हिशेबाच्या सोयीसाठी २५० रुपये धरू. त्यावर आरक्षणाचे २० आणि अतिजलद गाडीचे ३० मिळून तिकीट ३०० रुपयांचे. आजोबा आणि आजी यांना प्रत्येकी ३००. नातवाची गोष्ट निराळी, त्याच्याकडे वळूच.

आजी-आजोबांचाच हिशेब पाहिला तर एसटीने दोघांचे मिळून ४२२ आणि रेल्वेने ६०० होतात. टक्केवारीकडे पाहणारा म्हणेल की एकाला शंभर टक्के आणि दुसरीला पन्नास टक्के सवलत आहे, एसटी सोडून रेल्वेने जाणे हा वेडेपणा. पण एकट्या आजीचा हिशेब केला तर अर्ध्या तिकिटाची एसटी ४२२ रुपयांना आणि सवलत नसलेली रेल्वे ३०० रुपयांना आहे. म्हणजे सवलत सोडून दिली तर आजीचे पैसे वाचतात. दोघांचे मिळून जे १७८ रुपये जास्त जातात ते रात्रभर आडवे होता यावे, गाडीत स्वच्छतागृह असावे आणि गुडघे दुमडून आठ-दहा तास बसावे लागू नये यासाठी जातात. ते द्यायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. पण ‘फुकट आहे’ एवढ्यावर तो निर्णय होऊ नये. उलट तालुक्याच्या गावी दवाखान्याला जायचे असेल, साठ किलोमीटरचा रस्ता असेल आणि रेल्वे त्या वाटेला नसेलच, तर एसटीच्या सवलतीला तोड नाही. या योजनेचा खरा उपयोग अशाच जवळच्या, वारंवारच्या फेऱ्यांना आहे.

भाड्यातली सवलत गेली तरी रेल्वेत ज्येष्ठांसाठी एक गोष्ट शिल्लक आहे आणि तिची किंमत कित्येकांना ठाऊक नसते. ती म्हणजे खालच्या बर्थचा राखीव कोटा. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील महिला यांच्यासाठी शयनयान, तीनस्तरीय आणि दोनस्तरीय डब्यांत काही खालचे बर्थ बाजूला ठेवलेले असतात. ऑनलाइन आरक्षण करताना कोट्याच्या यादीत LOWER BERTH/SR.CITIZEN असे लिहिलेले दिसते, ते निवडावे लागते. पण त्याला एक अट आहे. तिकिटावर एकच किंवा जास्तीत जास्त दोनच प्रवासी हवेत आणि दोघेही वयाच्या अटीत बसणारे हवेत. तिसरे नाव घातले, किंवा दोघांपैकी एक तरुण असला, की संगणक त्या तिकिटाचा या कोट्यात विचारच करत नाही. बहुतेक घरांत नेमके हेच घडते. सगळे एकत्र बसावेत म्हणून पाच-सहा जणांचे एकच तिकीट काढले जाते आणि आजीला मधला बर्थ येतो. सर्वसाधारण कोट्यातही संगणक ज्येष्ठांना शक्य असेल तर खालचा बर्थ देतो, पण तो शिल्लक असेल तरच. म्हणून वरच्या उदाहरणात आजी-आजोबांचे तिकीट वेगळे, या कोट्यातून काढावे आणि नातवाचे वेगळे.

यावर रास्त आक्षेप असा की घर विभागले जाते. आजी-आजोबा एका डब्यात, नातू दुसऱ्या डब्यात, सामान उचलायला कोण? आणि एक तिकीट पक्के झाले, दुसरे प्रतीक्षायादीत अडकले तर? ही भीती खोटी नाही. त्यावर उपाय एवढाच की आरक्षण साठ दिवस आधी उघडते तेव्हाच दोन्ही तिकिटे काढावीत आणि आधी ज्येष्ठांचे पक्के झाल्यावर त्याच गाडीचे दुसरे घ्यावे. डबा वेगळा आला तर चढवून देणे आणि उतरवून घेणे जमते. आतून जोडलेल्या डब्यांच्या गाडीत रात्री एकदा चौकशी करून येणेही जमते. ज्यांना सतत मदतीची गरज आहे, रात्री उठवून औषध द्यावे लागते, त्यांच्यासाठी मात्र एकत्र तिकीट हाच मार्ग बरा. कारण खालचा बर्थ नंतर सहप्रवाशाशी बोलून बदलता येतो, सोबतीचे माणूस बदलून मिळत नाही.

आता नातू. ज्येष्ठांची सवलत थांबली तरी विद्यार्थ्यांची थांबलेली नाही. सुटीत गावी जाण्यासाठी आणि शैक्षणिक सहलीसाठी द्वितीय आणि शयनयान श्रेणीच्या भाड्यात ५० टक्के सूट मिळते. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना ती ७५ टक्के आहे. सर्वसाधारण विद्यार्थ्यासाठी वयाची मर्यादा २५. ओळखपत्र दाखवून ही सूट मिळत नाही, इथेच बहुतेकांचे चुकते. शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाच्या सहीचा, रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो आणि तिकीट आरक्षण खिडकीवरूनच काढावे लागते. तत्काळमध्ये ही सूट नाही, गाडीत चढल्यावर तिकीट तपासनिसाकडून ती मिळत नाही आणि सवलतीचे तिकीट वरचे पैसे भरून वरच्या श्रेणीत बदलूनही मिळत नाही. म्हणजे ही सवलत आधीपासून ठरवून प्रवास करणाऱ्यालाच लाभते. दिवाळीच्या सुटीचा दाखला सुटी लागायच्या आदल्या दिवशी मागायला गेल्यास कार्यालयात रांग आणि गाडीत प्रतीक्षायादी अशा दोन्ही अडचणी समोर येतात. कॉलेजचे वेळापत्रक हाती येताच अर्ज द्यावा.

सूट पन्नास टक्के असली तरी तिकीट निम्मे होत नाही, हेही पाहून ठेवावे. सूट मूळ भाड्यावर आहे, आरक्षण आणि अतिजलदच्या आकारावर नाही. नातवाचे २५० चे १२५ होतील, त्यात ५० मिळवून १७५. म्हणजे ३०० च्या तिकिटावर प्रत्यक्ष बचत १२५ रुपये, सुमारे ४२ टक्के. विमानाच्या तिकिटात हा फरक आणखी मोठा होतो, कारण तिथे ज्येष्ठ किंवा विद्यार्थी सूट साधारणपणे मूळ भाड्यावरच असते आणि इंधन, विमानतळ, कर हे सगळे वर पूर्ण लागते. म्हणून विमान कंपनीच्या संकेतस्थळावर सवलतीचा पर्याय निवडून येणारी शेवटची रक्कम आणि तो न निवडता येणारी शेवटची रक्कम, दोन्ही पाहाव्यात. सर्वांसाठीची स्वस्त विक्री चालू असेल तेव्हा साधे तिकीट कमी पैशांत मिळू शकते आणि त्यासोबत वयाचा दाखला विमानतळावर दाखवण्याची जबाबदारीही येत नाही.

रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांचा हिशेब वेगळ्या पद्धतीने करावा लागतो, कारण तिथे सूट एका तिकिटावर नसून पासावर असते. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्याला भाड्याच्या सुमारे एक तृतीयांश रक्कम भरावी लागते आणि ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. प्रश्न येतो तो कॉलेजात जाणाऱ्या मुलींचा, कारण पास काढला नाही तरी त्यांना अर्धे तिकीट आहेच. पास महिन्याच्या २५ दिवसांच्या भाड्यावर काढला असे धरा. त्याची किंमत सव्वाआठ दिवसांच्या पूर्ण भाड्याएवढी होईल. अर्ध्या तिकिटाने जाणारीला तेवढे पैसे खर्च व्हायला साडेसोळा दिवस लागतात. म्हणजे महिन्यात सतरा दिवस किंवा अधिक जाणे होणार असेल तर पास काढावा. परीक्षेची सुटी, सण, प्रकल्पाचे दिवस यामुळे पंधराच दिवस होणार असतील तर त्या महिन्यात रोजचे अर्धे तिकीटच स्वस्त. मुलांचा हिशेब सोपा आहे. त्यांना अर्धे तिकीट नाही, त्यामुळे नऊ दिवस जायचे असले तरी पासच परवडतो. मात्र पास त्यावर लिहिलेल्या मार्गापुरता असतो. शिकवणीला उलट्या दिशेच्या गावी जायचे तर ते भाडे निराळे.

शहरांतल्या मेट्रोतही हाच प्रकार आहे. पुण्याच्या मेट्रोत पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना विशेष कार्डावर ३० टक्के सूट आहे, पण शनिवार-रविवारी ३० टक्के सूट सगळ्याच प्रवाशांना आहे. ज्याचा प्रवास फक्त सुटीच्या दिवशी होतो त्याला विद्यार्थी कार्ड काढून वेगळे काही मिळत नाही. मुंबईत मेट्रो २ अ आणि ७ या मार्गांवर मे २०२३पासून ६५ वर्षांवरील ज्येष्ठ, बारावीपर्यंतचे विद्यार्थी आणि दिव्यांग यांना २५ टक्के सूट लागू झाली, ती महिन्याच्या ४५ किंवा ६० फेऱ्यांच्या पासावर. महिन्यातून चारदा नातवंडांना भेटायला जाणाऱ्या आजोबांसाठी तो पास घेणे म्हणजे न केलेल्या फेऱ्यांचे पैसे भरणे.

प्रवेश तिकिटांत तर समजूत आणि नियम यांतले अंतर सर्वांत जास्त आहे. अजिंठा, वेरूळ, घारापुरी यांसारख्या केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्थळांवर भारतीयांसाठी दर मुळातच कमी, ४० रुपये आहे आणि पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे. पण ज्येष्ठांसाठी किंवा कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा दर नाही. तिथल्या खिडकीवर आधार पुढे करून वाद घालण्याऐवजी ऑनलाइन किंवा रोकडविरहित तिकीट घ्यावे, त्यात पाच रुपयांची सूट वयाची अट न घालता मिळते. खासगी किंवा विश्वस्त संस्थांच्या संग्रहालयांत मात्र ज्येष्ठ आणि विद्यार्थ्यांचे दर बहुधा वेगळे असतात आणि तिकीट काढण्याआधी विचारले तरच ते लागू होतात. एकदा पूर्ण दराचे तिकीट निघाले की खिडकीवरचा माणूस ते सहसा परत घेत नाही.

इतके करूनही कधी वाहकाने हक्काची सवलत नाकारली, तर चालत्या गाडीत भांडून उपयोग होत नाही आणि वयस्कर माणसाने उतरून जाणे तर मुळीच योग्य नाही. मागितलेले भाडे देऊन तिकीट घ्यावे. त्या छापील तिकिटावर तारीख, वेळ, कुठून कुठे आणि तिकीट क्रमांक असतो, तोच तक्रारीचा पुरावा होतो. गाडीचा क्रमांक आणि शक्य असल्यास वाहकाचा बिल्ला क्रमांक तिकिटाच्या मागे लिहून घ्यावा. उतरल्यावर त्याच दिवशी तिकिटाचा फोटो काढावा, कारण यंत्रातून निघालेली शाई काही आठवड्यांत फिकी पडते. मग ती गाडी ज्या आगाराची असेल तिथल्या आगार व्यवस्थापकाकडे तिकिटाची आणि वयाच्या दाखल्याची प्रत जोडून लेखी तक्रार द्यावी आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी.